इमोजी मूड-रोजनिशी

दिवसाची मनःस्थिती एका चित्रखुणेने टिपून ठेवण्याची पद्धत. ‘इमोजी’ हा जपानी शब्द ‘ए’ (चित्र) आणि ‘मोजी’ (अक्षर) यांपासून झाला. इंग्रजी ‘इमोशन’शी त्याचे नाते नाही. शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये एनटीटी डोकोमो या कंपनीसाठी १७६ खुणा रेखाटल्या. २०१० मध्ये इमोजींना युनिकोडच्या ६.० आवृत्तीत स्थान मिळाले.

नोंद : पाच-सहा खुणा पहिल्याच दिवशी ठरवून प्रत्येकीचा अर्थ पहिल्या पानावर लिहितात. हे टाळले, तर महिनाअखेरीस आपलीच खूण आपल्याला उमगत नाही. त्यात फोनही घोळ घालतो : ॲपलच्या जुन्या फोनांवर 😁 हा चेहरा हसरा कमी आणि दात विचकलेला जास्त दिसे. 😠 आणि 😔 दोन्ही अप्रिय, पण एकात ऊर्जा चढलेली, तर दुसऱ्यात उतरलेली. जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये भावनांची मांडणी प्रिय-अप्रिय आणि ऊर्जा या दोन अक्षांवर केली. म्हणून खुणांना १ ते ५ गुण देऊन सरासरी काढणे फारसे उपयोगाचे नाही. खुणेशेजारी एखादी साधी गोष्ट, उदाहरणार्थ रात्री झोपायची वेळ, लिहिलेली असावी. नुसत्या खुणांतून कारण कळत नाही.

वाचन : बहुतेक जण फक्त वाईट दिवस मोजतात, आणि चूक तिथेच होते. एक काल्पनिक महिना घेऊ. ३० दिवसांपैकी २७ नोंदी झाल्या, त्यांत 😴 नऊ वेळा. त्यातल्या पाच वेळा आदल्या रात्री जागरण होते. नवांतले पाच म्हणजे जेमतेम निम्म्याहून जास्त, असे वाटून माणूस जागरणाला सोडून देतो. पण जागरणानंतरचे नोंदलेले दिवस एकूण आठच होते, म्हणजे आठांत पाच; उरलेल्या १९ दिवसांत 😴 चारदाच. फरक या तुलनेत दिसतो.

आता कोरे तीन दिवस. बऱ्याचदा नोंद नेमकी वाईट दिवशीच चुकते, म्हणून ते वगळू नयेत, आणि नंतर आठवूनही भरू नयेत. त्यांतले दोन जागरणानंतरचे होते. ते दोन्ही ताजेतवाने गेले आणि तिसरा थकव्याचा, असे उलटे धरले, तरी दहात पाच आणि विसात पाच असे प्रमाण राहते. निष्कर्ष टिकतो, पण कारण सिद्ध होत नाही : जागरण आणि थकवा दोन्ही कामाच्या ताणातूनही आलेले असू शकतात. पुढच्या महिन्यात काही रात्री मुद्दाम लवकर झोपून पाहावे.

वारांचे वाचन : महिन्यात प्रत्येक वार चार-पाचदाच येतो, त्यामुळे ‘माझा सोमवार वाईट जातो’ हे महिन्याभरात ठरत नाही.

रंगीत चौकटींची वही : याच पद्धतीचा कागदी प्रकार.