धुरकं पडलंय, धावायला जावं का? नाडीवर किती विसंबायचं?

डिसेंबरची सकाळ, साडेसहाची वेळ. समोरची इमारत धुरक्यात अर्धी बुडालेली. बूट घालून तयार असलेल्या अनेकांचा हिशेब असा असतो: 'धावून तर बघू. पल्स वाढली तर परत येऊ.'

या हिशेबात एक गडबड आहे. नाडी नॉर्मल दिसली म्हणजे हवा ठीक आहे, असं होत नाही.

नाडी का वाढते?

हवेतले पीएम २.५ हे कण इतके बारीक असतात की ते फुप्फुसांच्या अगदी आतपर्यंत पोहोचतात. तिथे दाह होतो आणि हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेवरही त्याचा परिणाम होतो. वाहनांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो. त्यामुळे तेवढ्याच कामासाठी हृदयाला थोडे जास्त ठोके द्यावे लागू शकतात.

पण निरोगी माणसात हा फरक बऱ्याचदा इतका लहान असतो की घड्याळावर तो कळतही नाही. शिवाय अपुरी झोप, कमी पाणी, चहा-कॉफी किंवा येऊ घातलेला ताप, यांनीही नाडी वाढते. बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांची नाडी तर औषधामुळेच कमी राहते.

मग खरा धोका कशात?

तुम्ही किती हवा आत घेता यात. समजा, हवेत पीएम २.५ चं प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण ८ लिटर हवा घेतो, धावणारा ५० लिटरच्या आसपास. म्हणजे ३५ मिनिटं बसून राहिलात तर साधारण २८ मायक्रोग्रॅम कण आत जातील, धावलात तर १७५. त्यात धावताना आपण तोंडाने श्वास घेतो, त्यामुळे नाकाची गाळणीही चुकते.

नाडीचा खरा उपयोग इथे आहे. ठोके वाढतात तसा श्वासही वाढतो. १४५ च्या नाडीने धावण्याऐवजी १०० च्या आसपास ठेवून चाललात, तर आत जाणारी हवा बरीच कमी होते.

घरात कधी थांबायचं?

निर्णय बूट घालण्याआधी, एक्यूआय बघून घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर तो दिसतो.

- १०० पर्यंत: नेहमीचा व्यायाम करा.
- १०१ ते २००: दमा, हृदयविकार असलेले, गर्भवती, लहान मुलं आणि ज्येष्ठांनी जोराचा व्यायाम घरात करावा. बाकीच्यांनी वेळ आणि वेग कमी करावा, रहदारीचा रस्ता टाळावा.
- २०१ ते ३००: धावणं, सायकलिंग सगळ्यांनीच घरात हलवावं. निरोगी माणसाने फार तर थोडा वेळ सावकाश चालावं.
- ३०० च्या वर: बाहेर व्यायाम नको.

इथे एक घोळ होतो. काही ॲप अमेरिकन मोजपट्टी वापरतात. वरच्या उदाहरणातली १०० मायक्रोग्रॅमची हवा भारतीय मोजपट्टीवर सुमारे २३२ दाखवेल, अमेरिकन मोजपट्टीवर १८२. हवा तीच, आकडे वेगळे. वरची यादी भारतीय एक्यूआयची आहे.

दुसरं म्हणजे, कणांसाठीचा भारतीय एक्यूआय २४ तासांच्या सरासरीवर काढतात. थंडीत गार हवा जमिनीलगत अडकून राहते, त्यामुळे पहाटेची हवा सरासरीपेक्षा वाईट असू शकते. ऊन चढल्यावर हे झाकण बहुतेक वेळा सुटतं. सुट्टीच्या दिवशी सहाऐवजी अकराला निघणं म्हणूनच फायद्याचं ठरू शकतं.

घरातली हवा तरी स्वच्छ असते का?

आपोआप नाही. बाहेरचे कण फटींतून आत येतातच. धुरकं दाट असताना रस्त्याकडच्या खिडक्या लावा. फोडणी, उदबत्ती किंवा मच्छर कॉइलचा धूर खोलीत असताना दोरीच्या उड्या मारू नका.

आणि बाहेर असताना नाडी वेगळी वाटली तर?

तुमचा नेहमीचा आकडा माहीत हवा. नेहमीच्या वेगाला नाडी १३५ असते आणि आज त्याच वेगाला १० मिनिटांनंतरही १४५-१५० आहे, तर कारण शोधत बसू नका. वेग कमी करा, घरी परता. खोकला किंवा छातीत घरघर सुरू झाली, तर नाडी कितीही असो, थांबा.

छातीत दुखणं, चक्कर, ठोके चुकल्यासारखं वाटणं किंवा थांबल्यावरही न शमणारी धाप, ही लक्षणं 'प्रदूषणामुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका. लगेच १०८ ला फोन करा.