नवागताचे स्वागत (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस)

दारू सोडू पाहणाऱ्या माणसाच्या पहिल्या निरोपाला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे (एए) जुने सभासद देतात तो प्रतिसाद. निरोप बहुधा फोनवर येतो : ‘मी नवीन आहे, काय करायचं ते कळत नाही.’ पुष्कळदा त्यात ‘दारू’ हा शब्दही नसतो.

ही रीत मंडळाच्या जन्माइतकीच जुनी आहे. मे १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी एएचा भावी संस्थापक बिल विल्सन व्यवहार फसल्याने पुन्हा पिण्याच्या बेतात आला होता. स्वतःला सावरण्यासाठी त्याने दुसरा मद्यपी शोधला. तो मद्यपी, डॉ. बॉब स्मिथ, पंधरा मिनिटांपुरते म्हणून भेटायला आले आणि सहा तासांवर बसले. विल्सनने उपदेश केला नाही, स्वतःच्या पिण्याची हकीकत सांगितली.

आजही उत्तर देणारा याच वाटेने जातो. ‘बोला दादा. मीही अल्कोहोलिक आहे, पहिल्यांदा आलो तेव्हा दारातूनच परत फिरणार होतो,’ असे काहीसे तो म्हणतो. आडनाव, पगार, किती पिता, हे विचारत नाही. सभासदत्वाला एकच अट आहे : पिणे थांबवण्याची इच्छा. वर्गणी नाही, सभेत फिरणाऱ्या पिशवीत नवख्याने काही टाकलेच पाहिजे असे नाही, आणि बोललेच पाहिजे असेही नाही. मग जवळच्या सभेचा वार, वेळ आणि जिना कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा सांगितले जाते. ‘मी खाली फाटकापाशी उभा राहतो’ हे वाक्य सर्वांत उपयोगी, कारण अनोळखी खोलीत एकट्याने शिरण्यापाशीच बरेच जण अडखळतात. आयुष्यभराची शपथ मागत नाहीत. आजचा दिवस न पिता काढायचा, एवढेच.

एक प्रश्न मात्र टाळून चालत नाही : शेवटचा प्याला कधी घेतला, आणि आता हात थरथरतात का? रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. साधारण दोन-तीन दिवसांनी भ्रम होणे, नसलेले दिसणे, ताप आणि प्रचंड घाम ही लक्षणे दिसू लागली, तर जिवाला धोका असतो. अशा माणसाला सभेला नव्हे, आधी रुग्णालयात न्यावे. सभासद डॉक्टर नसतात, गोळ्या सुचवणे त्यांचे काम नव्हे.

स्वागत बिघडते ते बहुधा उत्साहामुळे. पहिल्याच फोनवर एएच्या बारा पायऱ्या समजावून सांगितल्या की समोरचा ‘बरं, बरं’ म्हणू लागतो; तेव्हा थांबावे. तो प्यायलेला असेल तर बोलणे लहान ठेवून सकाळी पुन्हा फोन करायला सांगतात. फोन पत्नीने केला असेल, तर नवऱ्याला ओढून आणण्याचे वचन देत नाहीत. तिच्यासाठी अल-अनॉन ही नातलगांची वेगळी संघटना १९५१ पासून आहे, आणि नवरा पीतच असला तरी तिथे तिला जाता येते.