पिव्होट टेबल जुनेच आकडे का दाखवते?

नोंदी वाढवल्या, चुका दुरुस्त केल्या, तरी सारांशाचा तक्ता जागचा हलत नाही, असा अनुभव एक्सेलवर हिशेब ठेवणाऱ्या अनेकांना येतो. संगणक बिघडला असावा किंवा फाईल खराब झाली असावी, असा पहिला संशय येतो. प्रत्यक्षात यात बिघाड नसतो. पिव्होट टेबलची कार्यपद्धतीच तशी आहे आणि ती समजून घेतल्यास उपायही सोपा आहे.

मूळ नोंदी नव्हे, त्यांची प्रत

एक्सेलमध्ये पिव्होट टेबलची सोय १९९३ साली, पाचव्या आवृत्तीत आली. हजारो ओळींच्या नोंदींतून गावनिहाय, महिनानिहाय किंवा व्यक्तिनिहाय बेरजा क्षणात मिळाव्यात, हा तिचा हेतू. हा वेग साधण्यासाठी एक्सेल मूळ नोंदींची एक प्रत फाईलमध्येच वेगळी साठवून ठेवते. या साठ्याला ‘पिव्होट कॅश’ म्हणतात. पडद्यावर दिसणाऱ्या बेरजा या प्रतीवरून काढलेल्या असतात, मूळ पानावरून नव्हे.

त्यामुळे पिव्होटमधील प्रत्येक आकड्यामागे दोन प्रश्न उभे असतात. प्रत कोणत्या ओळींची घेतली आणि ती कधी घेतली? पहिल्या प्रश्नात चूक असेल तर नव्या ओळी येत नाहीत, दुसऱ्यात असेल तर जुने आकडे राहतात. हे दोन वेगळे दोष असून त्यांचे उपायही वेगळे आहेत.

एका दूध संकलन केंद्राचे उदाहरण

समजा, एका दूध संकलन केंद्राचे ३० सभासद आहेत. रोज सकाळी प्रत्येकाची एक नोंद होते. तारीख, सभासद क्रमांक, लिटर, दर आणि रक्कम असे पाच स्तंभ आहेत. दर दहा दिवसांनी बिले निघतात. १ ते १० तारखेपर्यंत ३०० नोंदी झाल्या. शीर्षकाची ओळ धरून त्या ३०१ व्या ओळीपर्यंत पोहोचल्या. त्यावरून सभासदनिहाय पिव्होट तयार झाले, तेव्हा त्याचा स्रोत असा नोंदला गेला :

```
Sheet1!$A$1:$E$301
```

पिव्होटने एकूण दूध २,४८५.५ लिटर दाखवले. नंतर लक्षात आले, की १७ क्रमांकाच्या सभासदाच्या नावे ४ तारखेला ९.५ ऐवजी ९५ लिटर पडले आहेत. कारकुनाने मूळ पानावर आकडा दुरुस्त केला. पुढे ११ ते २० तारखेच्या आणखी ३०० नोंदी, म्हणजे २,४३० लिटर दूध, त्याखाली लिहिले गेले. शेवटची ओळ आता ६०१ वी झाली. पिव्होट मात्र २,४८५.५ वरच थांबले होते.

या स्थितीत बिले निघाली, तर १७ क्रमांकाच्या सभासदाला ८५.५ लिटरचे पैसे जादा जातील. दर ३५ रुपये धरल्यास ही रक्कम २,९९२ रुपये ५० पैसे होते. दुसऱ्या दशकाचे दूध तर कोणाच्याच खात्यावर दिसणार नाही.

पहिला उपाय : ताजे करणे

पिव्होटच्या कोणत्याही चौकटीवर उजवी कळ दाबून Refresh निवडावे किंवा Alt+F5 ही कळजोडी वापरावी. एक्सेल त्याच ओळींची नवी प्रत घेते. उदाहरणात एकूण आकडा २,४८५.५ वरून २,४०० वर येतो, म्हणजे दुरुस्ती पोहोचली. पण नवे २,४३० लिटर अजूनही दिसत नाहीत, कारण ३०१ व्या ओळीपुढे पाहण्यास पिव्होटला सांगितलेलेच नाही. नेमक्या याच टप्प्यावर अनेकांची फसगत होते. आकडा बदललेला पाहून सर्व नोंदी आल्या, असे समजले जाते.

दुसरा उपाय : व्याप्ती वाढवणे

पिव्होटवर क्लिक केल्यावर वरच्या पट्टीत PivotTable Analyze दिसते. त्यात Change Data Source निवडावे. उघडलेल्या चौकटीत जुनी व्याप्ती दिसते. तेथे ३०१ च्या जागी ६०१ करून OK म्हणावे. एकूण ४,८३० लिटर दिसल्यास काम झाले.

एकाच स्रोतावर दोन पिव्होट असतील तर येथे सावध राहावे. ती बहुधा एकाच साठ्यावर चालतात, त्यामुळे एक ताजे केले की दुसरेही ताजे होते. व्याप्ती मात्र एकाची बदलली तरी दुसऱ्याची बदलत नाही. ती प्रत्येक पिव्होटमध्ये स्वतंत्रपणे तपासावी लागते.

कायमची सोय

दर दहा दिवसांनी व्याप्ती बदलण्यापेक्षा मूळ नोंदींनाच ‘टेबल’चे रूप द्यावे. ही सोय एक्सेल २००७ पासून आहे. नोंदींमध्ये कोठेही क्लिक करून Ctrl+T दाबावे, शीर्षके असल्याची खूण करावी आणि Change Data Source मध्ये पत्त्याऐवजी त्या टेबलचे नाव, उदाहरणार्थ Table1, लिहावे. शेवटच्या ओळीला लागून नवी नोंद लिहिली की टेबल आपोआप वाढते. मध्ये कोरी ओळ सोडल्यास मात्र ते वाढत नाही.

पूर्ण स्तंभच स्रोत म्हणून देण्याची पळवाटही काही जण वापरतात. त्यात नव्या ओळी येतात, पण कोऱ्या ओळींमुळे (blank) नावाची एक निरर्थक ओळ सारांशात शिरते.

टेबल केल्याने व्याप्तीचा प्रश्न सुटतो, ताजे करण्याचा नाही. त्यासाठी PivotTable Options मधील Data या भागात Refresh data when opening the file येथे खूण करावी. मग फाईल उघडताना नवी प्रत घेतली जाते. फाईल उघडी असताना भरलेल्या नोंदींसाठी मात्र बिले काढण्यापूर्वी Refresh करणे इष्ट.

तरीही शंका राहिल्यास

चुकीचे लिहिलेले नाव दुरुस्त करून पिव्होट ताजे केले, तरी ते गाळणीच्या यादीत रेंगाळताना दिसते. बेरजेवर त्याचा परिणाम होत नाही. ते घालवण्यासाठी त्याच Data भागात Number of items to retain per field समोर None निवडून पुन्हा ताजे करावे.

याउलट, व्याप्ती बरोबर असूनही एखादा नवा सभासद दिसत नसेल, तर सभासद क्रमांकावर हाताने निवडलेली गाळणी लागली आहे का, हे पाहावे. अशी गाळणी नंतर आलेली नावे सहसा लपवते.

खात्रीची कसोटी सोपी आहे. मूळ पानावरील लिटरचा स्तंभ निवडला, की एक्सेलच्या तळपट्टीत त्याची बेरीज दिसते. गाळणी नसलेल्या पिव्होटच्या एकूण आकड्याशी ती जुळली पाहिजे. न जुळल्यास आधी ताजे करावे. तरीही फरक राहिला, तर व्याप्तीची शेवटची ओळ तपासावी. हे दोन्ही आकडे जुळल्याशिवाय बिले छापू नयेत.