UPI की यूपीआय? बँकेच्या मराठी एसएमएसमधील अक्षरांचा हिशेब

प्रतिनिधी, कोपरखैरणे

वाशी-तुर्भे येथील घाऊक बाजारात ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांच्या वसाहती कोपरखैरणे येथे आहेत. यांतील अनेक कुटुंबांची मुळे सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आहेत. ज्या घरात वडील मराठीच वाचतात आणि मुलगा इंग्रजी शाळेत शिकला, त्या घरात बँकेचा एसएमएस आला की तो बहुधा मुलाच्या हाती दिला जातो. तो संदेश मराठीत आला, तर ही गरज उरू नये. परंतु मराठी संदेशातही UPI, NEFT, Dr, Bal असे इंग्रजी संक्षेप येतच राहतात. ते रोमन अक्षरांत ठेवावेत, देवनागरीत उतरवावेत, की त्यांच्या जागी मराठी शब्द द्यावा, हा प्रश्न वरवर केवळ शुद्धलेखनाचा वाटतो. प्रत्यक्षात त्याला पैशाची आणि मुदतीचीही बाजू आहे.

मुदतीची बाजू अशी. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, हे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवून दिले. चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून अन्यत्र असेल आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर त्याच्यावर कोणताही बोजा पडणार नाही, असे त्यात म्हटले होते. चौथ्या ते सातव्या दिवशी तक्रार केल्यास नुकसानीचा काही भाग ग्राहकाला सोसावा लागणार होता. म्हणजे मोजणी सुरू होते ती एसएमएस मिळाल्यापासून. संदेश मिळाला पण उमगला नाही, तरी दिवस मोजले जातातच.

सत्तर चिन्हांची चौकट

पैशाची बाजू तांत्रिक आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. संदेश निव्वळ इंग्रजीत असेल तर त्यांत १६० चिन्हे बसतात. मात्र एक जरी देवनागरी अक्षर आले, की संपूर्ण संदेश युनिकोड पद्धतीने पाठवावा लागतो आणि मर्यादा ७० चिन्हांवर येते. मग त्यातील रोमन अक्षरेही तेवढीच जागा व्यापतात. ७० च्या पुढे एक चिन्ह गेले, तरी संदेश दोन भागांत जातो आणि बँकेला दोन एसएमएसचे पैसे मोजावे लागतात. भाग जोडण्यासाठी काही जागा राखावी लागत असल्याने त्या वेळी प्रत्येक भागात ६७ चिन्हेच मावतात.

देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. म्हणून UPI ची तीन चिन्हे ‘यूपीआय’मध्ये सहा होतात, KYC ची तीन ‘केवायसी’मध्ये सात आणि IFSC ची चार ‘आयएफएससी’मध्ये आठ.

एक काल्पनिक नमुना पाहू:

```
खाते XX4521 मधून रु.2500 UPI ने वजा. व्यवहार आपला नसल्यास बँकेस कळवा.
```

रिकाम्या जागा आणि विरामचिन्हे धरून यात ६९ चिन्हे आहेत. संदेश एका एसएमएसमध्ये बसतो. आता ‘UPI ने’ऐवजी ‘यूपीआयने’ लिहा. सहा चिन्हांच्या जागी आठ येतात, बेरीज ७१ होते आणि खर्च दुप्पट होतो. रोमन अक्षरे ठेवण्याकडे बँकांचा कल असण्यास असा आर्थिक आधार आहे. मात्र बचतीचा हा नियम सरसकट लावला, की संदेश कळेनासा होतो. कारण हे सर्व संक्षेप एकाच जातीचे नाहीत.

तीन प्रकारचे संक्षेप

पहिला प्रकार आहे छाटलेल्या शब्दांचा: A/c, Dr, Cr, Bal, Txn. हे कोणी उच्चारीत नाही, ते फक्त कागदावर असतात. इंग्रजीची जुजबी ओळख असलेल्या वाचकाला Dr म्हणजे डॉक्टर आणि Cr म्हणजे कोटी वाटू शकते. देवनागरीत उतरवले तर Bal चे ‘बाल’ होईल. येथे दोन्ही लिप्या निरुपयोगी आहेत. खाते, वजा, जमा, शिल्लक, व्यवहार हे शब्द मराठी माणसाच्या रोजच्या वापरात आहेत, तेच लिहावेत. खतावणीतील ‘नावे’ हा शब्दही अचूक आहे, पण एसएमएस वाचणाऱ्याला ‘वजा’ अधिक चटकन कळतो.

दुसरा प्रकार आहे अक्षरे सुटी उच्चारून रूढ झालेल्या नावांचा: एटीएम, ओटीपी, केवायसी, यूपीआय. ही बोलीत मराठी शब्दांप्रमाणेच चालतात, त्यांना प्रत्ययही लागतात. ‘एटीएममधून’, ‘ओटीपीने’ असे सलग लिहिता येते. रोमन ठेवले तर ‘ATM मधून’ असा प्रत्यय सुटा पडतो किंवा ‘ATMमधून’ अशी दोन लिप्यांची मोट बांधावी लागते. म्हणून वाक्यात मिसळणारे नाव शक्यतो देवनागरीत असावे. मात्र UPI ही अक्षरे दुकानातील क्यूआर फलकावर आणि मोबाइलच्या पडद्यावर रोज रोमनमध्ये दिसतात. ती ओळखीची असल्याने जागेची टंचाई असताना रोमन ठेवण्यास हरकत नाही. वरील नमुन्यात तेच केले आहे.

देवनागरीत लिहिताना एक पथ्य पाळावे लागते. हिंदी मसुद्यावरून मराठी संदेश तयार केला, की ‘यूपीआई’, ‘आईएफएससी’, ‘केवाईसी’ अशी रूपे तशीच उतरतात. मराठीत I चा उच्चार ‘आय’ आहे. ‘आई’ हा वेगळाच शब्द होय. NACH चे अक्षरशः लिप्यंतर ‘नाच’ असे होईल. कर्जाच्या हप्त्याच्या संदेशात ते शोभणारे नाही. तेथे ‘हप्ता वजा’ एवढेच पुरे.

तिसऱ्या प्रकाराला मात्र हात लावू नये. वाचकाला जे जसेच्या तसे टाइप करायचे किंवा बँकेत दाखवायचे असते, ते रोमनच राहिले पाहिजे. आयएफएससी ११ चिन्हांचा असतो: पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे चिन्ह शून्य आणि उरलेली सहा शाखेची. बँक ऑफ महाराष्ट्रच्या शाखांचा कोड MAHB0 ने सुरू होतो. तो ‘एमएएचबी०’ असा लिहिला, तर वाचकाला मनातल्या मनात उलट लिप्यंतर करावे लागेल आणि चुकीला वाट मिळेल. नाव ‘आयएफएससी’ असे देवनागरीत चालेल, कोड चालणार नाही. व्यवहार क्रमांक, खात्याचे शेवटचे आकडे आणि उत्तरादाखल पाठवायचा शब्द यांनाही हेच लागू आहे.

निर्णय एकदाच, पण आधी

हा निर्णय संदेश धाडताना घेता येत नाही. व्यावसायिक एसएमएसचा मजकूर दूरसंचार कंपन्यांकडे आधी नोंदवावा लागतो आणि नोंदीशी न जुळणारा संदेश अडवला जातो. ८ मार्च २०२१ रोजी ही पडताळणी सुरू होताच अनेकांचे ओटीपी अडकले आणि ‘ट्राय’ला ती सात दिवसांसाठी स्थगित करावी लागली. UPI चे ‘यूपीआय’ करायचे, तर नवा मसुदा नोंदवणे आले. म्हणून मसुदा लिहितानाच प्रत्येक संक्षेपाबाबत एक प्रश्न विचारावा: वाचक याचे काय करणार आहे? नुसता अर्थ समजून घेणार असेल तर मराठी शब्द, उच्चारणार असेल तर देवनागरी आणि टाइप करणार असेल तर रोमन. चिन्हांची मोजणी त्यानंतर करावी.