कडाक्याच्या थंडीत कारला कोणतं इंजिन ऑइल? ‘डब्ल्यू’आधीचा आकडा आधी पाहा

उष्ण देशातून कॅनडातल्या विनिपेगला नेलेल्या कारमध्ये १५डब्ल्यू-४० ऑइल असेल, तर ते हिवाळ्याआधीच बदलावं लागतं. तिथे जानेवारीत पारा उणे ३० अंशांच्याही खाली जातो.

‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत कमी घट्ट होतं. गार इंजिन फिरवता येईल का, याची चाचणी १५डब्ल्यूसाठी उणे २०, ५डब्ल्यूसाठी उणे ३० आणि ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंशांवर होते. म्हणून रात्रभर उघड्यावर राहणाऱ्या या कारला ०डब्ल्यू योग्य.

दुसरा आकडा गरम इंजिनातला दाटपणा सांगतो. तो थंडी पाहून नव्हे, कारचं मॅन्युअल पाहून ठरवायचा. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-४० चालत असेल, तर तेच घ्यावं. परवानगी नसताना ०डब्ल्यू-२० टाकल्यास गरम इंजिनात ऑइलचा थर पातळ पडून झीज वाढू शकते.

ऑइलसोबत फिल्टरही बदलावा. गार सकाळी स्टार्टर रखडत फिरला, तर ऑइल घट्ट झालंय किंवा बॅटरी कमजोर आहे. इंजिन सुरू झाल्यावरही ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन लगेच बंद करावं. ऑइल पोहोचत नसेल, तर बेअरिंग खराब होतात.