जस्ताचे पुनर्भारित घट : अल्कधर्मी व निकेल-जस्त घटांची निकेल-मेटल हायड्राईड घटाशी तुलना

प्रस्तावना :

घरगुती उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या 'एए' आकाराच्या पुनर्भारित घटांच्या क्षेत्रात आज निकेल-मेटल हायड्राईड घटाचे स्थान मोठे आहे. या घटाचे विद्युतदाब सुमारे १.२ व्होल्ट असते. याउलट जस्ताचा वापर करणारे दोन पुनर्भारित घट अधिक दाब देतात. अल्कधर्मी घट १.५ व्होल्ट, तर निकेल-जस्त घट १.६ व्होल्ट देतो. जस्त स्वस्त आहे, विपुल आहे आणि कॅडमियमप्रमाणे विषारीही नाही. असे असूनही हे दोन्ही घट मागे का पडले, या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

जस्ताचा मूळ दोष :

निकेल-जस्त घटाचे पेटंट थॉमस एडिसन यांनी १९०१ मध्येच घेतले होते. म्हणजेच ही कल्पना निकेल-मेटल हायड्राईड घटाहून कितीतरी जुनी आहे. अडचण कल्पनेत नव्हती, ती जस्ताच्या रासायनिक स्वभावात होती. या घटांतील द्रावण पोटॅशियम हायड्रॉक्साईडचे असते. घट वापरला जात असताना ऋणाग्रावरील जस्ताचे ऑक्सीभवन होते आणि तयार झालेले संयुग झिंकेटच्या रूपाने काही प्रमाणात द्रावणात विरघळते. पुनर्भारण करताना हेच जस्त पुन्हा ऋणाग्रावर बसते, परंतु ते पूर्वीच्याच जागी बसेल अशी शाश्वती नसते. काही भागांत त्याचे थर जाड होतात व काही भाग उघडे पडतात. शिवाय जस्ताचे स्फटिक झाडाच्या फांद्यांप्रमाणे वाढत जातात. ते दोन अग्रांमधील विभाजक पडदा भेदून पलीकडे पोहोचले की घटाच्या आतच मंडल पूर्ण होते आणि घट निकामी होतो.

निकेल-मेटल हायड्राईड घटात ही प्रक्रिया घडत नाही. तेथे ऋणाग्रावरील मिश्रधातू हायड्रोजन शोषून घेतो आणि सोडतो, पण स्वतः विरघळत नाही. त्यामुळे ऋणाग्राचा आकार टिकून राहतो. शेकडो आवर्तने सोसण्याच्या या घटाच्या क्षमतेमागे हे एक मुख्य कारण आहे.

डब्लिन-ब्रे लोहमार्गावरील प्रयोग :

निकेल-जस्त घटाचा पहिला मोठा व्यावहारिक वापर आयर्लंडमध्ये झाला. रसायनशास्त्रज्ञ जेम्स ड्रम यांनी विकसित केलेल्या घटमालांवर डब्लिन ते ब्रे या मार्गावर रेल्वेगाड्या धावू लागल्या. १९३२ पासून त्या नियमित सेवेत होत्या आणि १९४९ पर्यंत चालल्या. हा मार्ग सुमारे २२ किलोमीटरचा, म्हणजे आखूड होता. त्यामुळे फेऱ्यांच्या दरम्यान टोकाच्या स्थानकांवर घटमालांचे पुनर्भारण करता येत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोळशाची टंचाई असताना या गाड्यांची उपयुक्तता विशेष जाणवली. मात्र मोठ्या वाहनातील घटमालेची देखभाल प्रशिक्षित कर्मचारी करू शकतात. सामान्य ग्राहकाच्या हातातील सीलबंद लहान घटाला ही सोय नसते.

पुनर्भारित अल्कधर्मी घट :

लुईस उरी यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात युनियन कार्बाईड कंपनीत आधुनिक अल्कधर्मी घट विकसित केला. तो एकदाच वापरण्याजोगा होता. त्याला पुनर्भारणक्षम करण्याच्या कार्यात कार्ल कोर्डेश यांचे नाव महत्त्वाचे आहे. रेयोवॅक कंपनीने १९९३ मध्ये 'रिन्यूअल' या नावाने असे घट बाजारात आणले.

येथे जस्ताबरोबर धनाग्रावरील मँगनीज डायऑक्साईडचीही अडचण होती. विसर्गाच्या पहिल्या टप्प्यातील बदल बऱ्याच अंशी उलटवता येतो. परंतु त्यापलीकडे विसर्ग झाल्यास जी संयुगे तयार होतात ती पूर्ववत होत नाहीत. त्यामुळे रचनाकारांनी घटात जस्त मुद्दामच कमी ठेवले. जस्त संपले की विसर्ग आपोआप थांबतो आणि मँगनीज डायऑक्साईडचे रक्षण होते. या उपायाची किंमत मूळ धारकता कमी होण्यात मोजावी लागली. तरीही प्रत्येक पूर्ण विसर्गानंतर धारकता घटतच राहते. म्हणून हा घट निम्माअधिक भरलेला असतानाच पुन्हा भारित करणे हिताचे ठरते. त्याचा अंतर्गत रोधही अधिक असल्याने कॅमेऱ्यासारख्या मोठा प्रवाह मागणाऱ्या उपकरणात त्याचा दाब लवकर कोसळतो.

या घटाचा खरा गुण म्हणजे तो न वापरता ठेवला तरी भार टिकवून धरतो. जुने निकेल-मेटल हायड्राईड घट काही महिन्यांतच रिकामे होत असत. त्यामुळे भिंतीवरचे घड्याळ किंवा क्वचित लागणारी विजेरी यांसाठी अल्कधर्मी घट सरस ठरे. मात्र नोव्हेंबर २००५ मध्ये सॅन्यो कंपनीने अल्प स्वविसर्गाचे 'एनेलूप' घट बाजारात आणले आणि हा गुण फारसा वेगळा उरला नाही.

दोन घटांचे गणित :

निकेल-जस्त 'एए' घट २००० च्या दशकाच्या अखेरीस ग्राहकांपर्यंत पोहोचले. त्यांची तुलना एका उदाहरणाने स्पष्ट होते. १५०० मिलिअँपिअर-तास धारकतेचा निकेल-जस्त घट १.६ व्होल्टने २.४ वॅट-तास ऊर्जा देतो. २००० मिलिअँपिअर-तासांचा निकेल-मेटल हायड्राईड घट १.२ व्होल्टने तेवढीच, म्हणजे २.४ वॅट-तास ऊर्जा देतो. म्हणजे साठवलेल्या ऊर्जेत फरक नाही, फरक केवळ दाबाचा आहे. स्थिर रोध मानल्यास १.६ व्होल्टवर शक्ती सुमारे १.७८ पट मिळते, पण घटही तितक्याच वेगाने रिकामा होतो. दाब वाढवून स्थिर ठेवणाऱ्या परिपथात मात्र हा लाभ जवळजवळ नाहीसा होतो.

अधिक दाबाचा धोकाही आहे. नुकताच भारित केलेला निकेल-जस्त घट १.८५ व्होल्टपर्यंत दाब दाखवू शकतो. असे चार घट ओळीने जोडले तर ७.४ व्होल्ट होतात, तर उपकरण मात्र ६ व्होल्टसाठी बनवलेले असते. तसेच यातील एक घट दुर्बल असेल तर तो प्रथम रिकामा होतो आणि उरलेले तीन घट त्यातून उलट्या दिशेने दाब लादतात. त्यामुळे वायू निर्माण होऊन द्रावण गळू शकते. भारणाची रीतही निराळी आहे. निकेल-जस्त घटासाठी सुमारे १.९ व्होल्टवर, तर अल्कधर्मी घटासाठी सुमारे १.६५ व्होल्टवर दाब मर्यादित ठेवावा लागतो. निकेल-मेटल हायड्राईडसाठीचे स्थिर प्रवाहाचे भारक यंत्र ही मर्यादा पाळत नाही. त्यात हे घट टाकल्यास ते अतिभारित होतात.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, निकेल-मेटल हायड्राईड घट दाबात उणा असूनही सामान्य वापरात टिकला, कारण तो पूर्ण विसर्ग, मोठा प्रवाह आणि वापरकर्त्याची थोडीफार बेफिकिरी सोसू शकतो. १.२ व्होल्टवर न चालणाऱ्या उपकरणासाठी निकेल-जस्त घट, तर क्वचित व अल्प वापरासाठी पुनर्भारित अल्कधर्मी घट उपयुक्त ठरतो. मात्र दोहोंना स्वतःचे भारक यंत्र व शिस्तीचा वापर आवश्यक असतो. एडिसन यांच्या पेटंटपासून शतकभर संशोधकांपुढे असलेला प्रश्न विद्राव्य जस्ताला त्याच्या जागी परत आणण्याचा होता, आणि या दोन घटांच्या मर्यादांचे मूळ बव्हंशी तेथेच सापडते.