आकृतीतील गाळलेली संख्या
आकृतीतील गाळलेली संख्या शोधणे हा बुद्धिमत्ता चाचणीतील एक प्रश्नप्रकार आहे. महाराष्ट्रात शालेय शिष्यवृत्ती परीक्षांत तो आढळतो. वर्तुळ, त्रिकोण किंवा चौकटीतील संख्या त्यांच्या स्थानांनुसार एका नियमाने जोडलेल्या असतात. तो नियम ओळखून प्रश्नचिन्हाच्या जागी येणारी संख्या काढायची असते.

समजा, एका त्रिकोणाच्या शिरोभागी 5, पायथ्याशी डावीकडे 3 व उजवीकडे 4, तर मध्यभागी 17 आहे. येथे 3 × 4 + 5 = 17 हा नियम जुळतो; पण 5 × 4 − 3 = 17 हाही जुळतो. घाई करणारा विद्यार्थी नेमका येथेच फसतो. दुसऱ्या त्रिकोणात याच क्रमाने 6, 2, 9 व मध्यभागी 24 आहे. पहिल्या नियमाने 2 × 9 + 6 = 24 येतात, दुसऱ्याने मात्र 52; म्हणून दुसरा नियम बाद होतो. तिसऱ्या त्रिकोणात 8, 5, 6 असल्यास उत्तर 5 × 6 + 8 = 38 येते. बाद नियमाने येणारे 43 बहुधा पर्यायांत मुद्दाम दिलेले असते.

चौकटीत नियम आडव्या ओळींना लागतो की उभ्या स्तंभांना, हे आधी तपासावे लागते. पूर्ण आकृती एकच दिलेली असेल, तर अनेक नियम संभवतात आणि प्रश्न सदोष ठरू शकतो.